पन्नास शेअरांचा एफिशियंट फ्रंटियर दर महिन्याला उड्या का मारतो, आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्स आकसून तो कसा स्थिरावतो

निफ्टी ५० मधले पन्नास शेअर घेतले, पाच वर्षांचे मासिक परतावे काढले, सरासरी आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्स ऑप्टिमायझरला दिले. उत्तर येतं ते असं: एका खाजगी बँकेत भांडवलाच्या दीडपट खरेदी, तिच्यासारख्याच दुसऱ्या बँकेत तेवढीच मोठी विक्री. शॉर्ट विक्री बंद केली, तर पन्नासातले मूठभर शेअर उरतात आणि बाकी सगळे शून्यावर. पुढच्या महिन्याचा एक परतावा जोडून सर्वांत जुना काढला की वजनं पुन्हा पालटतात. एफिशियंट फ्रंटियर म्हणजे प्रत्येक परताव्याला शक्य तेवढी कमी जोखीम दाखवणारा वक्र. त्याच्या डाव्या टोकाला जी जोखीम दिसते, ती प्रत्यक्षात कधीच तेवढी कमी निघत नाही.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि त्यावर बहुतेक वेळा सॉल्व्हर बदलायचा सल्ला मिळतो. सॉल्व्हर निर्दोष असतो. त्याला दिलेल्या आकड्यांसाठी तो अगदी बरोबर उत्तर काढतो. दोष त्या आकड्यांत असतो, म्हणून शोधही तिथूनच सुरू करायचा.

आधी इनपुट मोजा

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीला तीन प्रकारचे आकडे लागतात: प्रत्येक शेअरचा अपेक्षित परतावा, प्रत्येकाचा व्हेरियन्स आणि प्रत्येक जोडीचा कोव्हेरियन्स. पन्नास शेअरांसाठी ५० परतावे, ५० व्हेरियन्स आणि ५० × ४९ ÷ २ म्हणजे १,२२५ कोव्हेरियन्स, असे एकूण १,३२५ आकडे होतात. हातात डेटा किती? साठ महिने गुणिले पन्नास शेअर, म्हणजे ३,००० निरीक्षणं. एका अंदाजामागे सव्वादोन निरीक्षणं पडतात.

शेअर वाढवले की परिस्थिती झपाट्याने बिघडते, कारण डेटा शेअरांच्या पटीत वाढतो आणि जोड्या वर्गाच्या पटीत. शंभर शेअरांना ५,१५० इनपुट लागतात आणि निरीक्षणं ६,००० असतात. निफ्टी ५०० घेतला तर १,२५,७५० इनपुट आणि फक्त ३०,००० निरीक्षणं. तिथे अंदाज कच्चा आहे एवढंच म्हणून थांबता येत नाही. महिन्यांची संख्या शेअरांपेक्षा कमी असली की मॅट्रिक्सचा व्यस्त अस्तित्वातच नसतो. गंमत अशी की `numpy.linalg.inv` अशा वेळी अनेकदा काहीही तक्रार न करता प्रचंड मोठे निरर्थक आकडे परत देतं. `numpy.linalg.cholesky` मात्र बहुधा `Matrix is not positive definite` म्हणून थांबतं, त्यामुळे तपासणीसाठी तेच वापरावं.

ही अडचण जुनीच आहे. विल्यम शार्प यांनी १९६३ मध्ये सगळे शेअर एकाच बाजार निर्देशांकाला जोडून इनपुटची संख्या ३N + २ वर आणली, म्हणजे पन्नास शेअरांना १५२. ते मॉडेल एकमेकांशी थेट नातं असलेल्या दोन बँकांकडे किंवा दोन आयटी कंपन्यांकडे दुर्लक्ष करतं, पण त्यातली कल्पना लक्षात ठेवा. ती खाली कामाला येईल.

डेटातले दोन दोष आधी काढून टाका

आकसण्याआधी, म्हणजे मॅट्रिक्स एका साध्या आणि स्थिर मॅट्रिक्सकडे ओढण्याआधी, डेटा साफ हवा, नाहीतर चुकीचीच माहिती गुळगुळीत होऊन बसते. पहिला दोष बोनस आणि स्प्लिटचा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. भाव समायोजित केलेले नसतील तर त्या महिन्यात जवळपास ५० टक्क्यांची खोटी पडझड दिसते. साठ आकड्यांत असा एकच आकडा असला, तरी त्या शेअरचा व्हेरियन्स आणि उरलेल्या एकोणपन्नास शेअरांशी असलेले त्याचे सगळे कोव्हेरियन्स बिघडतात. ओळखणं सोपं आहे: प्रत्येक शेअरचा सर्वांत वाईट परतावा काढा आणि उणे ५०, उणे ६६ किंवा उणे ८० टक्क्यांच्या जवळ कोण आहे ते पाहा.

दुसरा दोष लपून राहतो. जिओ फायनान्शियल ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आला, त्यामुळे त्याआधीच्या महिन्यांच्या जागा रिकाम्या असतात. पांडाजचं `cov()` प्रत्येक जोडीसाठी उपलब्ध तेवढेच महिने घेतं. एक जोडी साठ महिन्यांवरून, दुसरी त्याहून कितीतरी कमी महिन्यांवरून. असे तुकडे जोडून तयार झालेली मॅट्रिक्स आतून विसंगत असू शकते, म्हणजे तिच्यावरून एखाद्या पोर्टफोलिओचा व्हेरियन्स ऋण निघू शकतो. ऑप्टिमायझर नेमका तोच पोर्टफोलिओ शोधून काढतो. `dropna()` लावलं तर हा दोष जातो, पण सगळं टेबल सर्वांत तरुण शेअरच्या वयाएवढं छोटं होतं. माझ्या मते अशा शेअरला सरळ बाजूला ठेवून त्याचं वजन स्वतंत्रपणे ठरवणं बरं. एका शेअरसाठी बाकी एकोणपन्नास शेअरांचा इतिहास फेकू नये.

रोग नक्की तोच आहे का, हे कसं ओळखायचं

आयगेनव्हॅल्यू काढा. पुढचा तुकडा साप्ताहिक परताव्यांवर चालतो. `px` म्हणजे समायोजित बंद भावांचं टेबल.

```python
import numpy as np

pw = px.resample("W-FRI").last()
r = pw.pct_change(fill_method=None).dropna()
T, N = r.shape
ev = np.linalg.eigvalsh(r.corr())
print(T, N, ev[0], ev[-1] / ev[0])
```

सर्वांत छोटी आयगेनव्हॅल्यू म्हणजे डेटाच्या मते सर्वांत कमी जोखमीचं मिश्रण. प्रश्न असा, की ती खरोखर छोटी आहे की नमुन्याच्या खेळामुळे छोटी दिसते? याला नेमकं उत्तर आहे. समजा पन्नास शेअर एकमेकांशी पूर्णपणे असंबंधित आहेत, म्हणजे खरी कोरिलेशन मॅट्रिक्स फक्त कर्णावर एक असलेली आहे आणि तिच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू १ आहेत. तरीही साठ महिन्यांच्या नमुन्यातून निघणाऱ्या आयगेनव्हॅल्यू साधारण ०.००८ पासून ३.६६ पर्यंत पसरतात. मार्चेन्को आणि पास्तूर यांचं १९६७ मधलं सूत्र ही टोकं देतं: (1 ± √q)², आणि q म्हणजे शेअरांची संख्या भागिले निरीक्षणांची संख्या. इथे q = ५०/६०. दोन टोकांचं गुणोत्तर जवळपास ४८० भरतं, आणि ते सगळं आभासी. पाच वर्षांचे साप्ताहिक परतावे घेतले तर निरीक्षणं २६० होतात, टोकं ०.३२ आणि २.०७ वर येतात आणि गुणोत्तर साडेसहाच्या आसपास उतरतं. विश्वास बसत नसेल तर `np.random.randn(60, 50)` घेऊन स्वतः पाहा.

याचा जोखमीवर किती परिणाम होतो? परतावे सामान्य वितरणाचे आणि बाजार स्थिर धरला, तर कोणतीही बंधनं नसलेल्या किमान व्हेरियन्स पोर्टफोलिओची पुढे अनुभवायला मिळणारी अस्थिरता वक्रावर दिसणाऱ्या अस्थिरतेच्या साधारण 1/(1 − q) पट असते. २६० आठवडे असतील तर सव्वापट. साठ महिने असतील तर सहापट. वक्र ३ टक्के दाखवत असेल तर १८ टक्क्यांची तयारी ठेवावी लागते, आणि निवडक समभागांच्या पोर्टफोलिओत ३ टक्के वार्षिक अस्थिरता दिसली तर तेवढ्यावरच शंका यायला हवी.

मग साप्ताहिक घेऊन वीस वर्षं मागे का जाऊ नये? कारण कंपन्या तेवढा काळ त्याच राहत नाहीत. एचडीएफसीचं १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीनीकरण झालं. त्याआधीची बँक आणि नंतरची बँक यांचा धंदा सारखा नाही. जुना डेटा संख्या वाढवतो, पण तो वेगळ्याच गोष्टीची मोजदाद करत असतो. म्हणून मी पाच वर्षांच्या साप्ताहिक आकड्यांवर थांबतो आणि उरलेली कमतरता आकसून भरून काढतो.

वजनं का उडतात: दोन बँकांचं गणित

पन्नास शेअरांत जे घडतं ते दोन शेअरांवर हाताने करून पाहता येतं. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. बँक अ ची वार्षिक अस्थिरता २० टक्के, बँक ब ची २२ टक्के. व्हेरियन्स ०.०४०० आणि ०.०४८४. किमान व्हेरियन्ससाठी अ चं वजन असं निघतं:

```
w_A = (var_B - cov) / (var_A + var_B - 2*cov)
```

कोरिलेशन ०.९५ असेल तर कोव्हेरियन्स ०.०४१८. अंश ०.००६६, छेद ०.००४८. वजन १३७.५ टक्के, म्हणजे बँक ब ३७.५ टक्के शॉर्ट. आता साठ महिन्यांवरून काढलेल्या ०.९५ या कोरिलेशनची प्रमाण त्रुटी साधारण ०.०१३ असते. म्हणजे त्याच दोन बँकांसाठी दुसऱ्या कुठल्या पाच वर्षांत ०.९३ किंवा ०.९७ सहज येऊ शकतं. ०.९३ ला अ चं वजन ११४ टक्के होतं आणि ०.९७ ला १८८ टक्के. कोरिलेशन दुसऱ्या दशांश स्थळी हललं आणि वजन ७४ टक्के-बिंदूंनी सरकलं.

कारण छेदात आहे. तो म्हणजे दोन बँकांमधल्या फरकाचा व्हेरियन्स. कोरिलेशन एकाकडे गेलं की तो शून्याकडे जातो, आणि शून्याजवळच्या आकड्याने भागताना छोटी चूक मोठी होते. पन्नास शेअरांत अशा जवळपास सारख्या दिसणाऱ्या जोड्या आणि गट शेकड्यांनी असतात, आणि ऑप्टिमायझर त्यांतली नेमकी तीच निवडतो जिथे नमुन्याने जोखीम सर्वांत कमी दाखवली आहे, म्हणजे बहुधा जिथे अंदाज सर्वांत जास्त चुकला आहे. रिचर्ड मिशॉ यांनी १९८९ मध्ये अशा ऑप्टिमायझरला चुका वाढवणारं यंत्र म्हटलं ते यामुळेच.

उपाय: लक्ष्याकडे आकसणं

ऑलिव्हियर लेडवा आणि मायकेल वुल्फ यांनी २००३ आणि २००४ मधल्या शोधनिबंधांत जो मार्ग दिला तो असा: नमुन्यातली मॅट्रिक्स S कुठल्याही बाजूला न झुकलेली पण फार डळमळीत आहे, तर थोड्याच आकड्यांवर उभी असलेली एखादी साधी मॅट्रिक्स F झुकलेली पण स्थिर आहे. दोघींचं भारित मिश्रण घ्यायचं: δF + (1 − δ)S. हे F म्हणजे लक्ष्य. शार्प यांचं एक-निर्देशांक मॉडेल हे असंच एक लक्ष्य आहे. शेअरांसाठी मला स्थिर कोरिलेशनचं लक्ष्य जास्त पटतं: प्रत्येक शेअरचा व्हेरियन्स आहे तसा ठेवायचा आणि सगळ्या जोड्यांचं कोरिलेशन त्यांच्या सरासरीएवढं धरायचं.

दोन बँकांकडे परत येऊ. पन्नास शेअरांचं सरासरी कोरिलेशन ०.४० आणि δ ०.३० धरा. मग ०.९५ चं होतं ०.७ × ०.९५ + ०.३ × ०.४० = ०.७८५, आणि बँक अ चं वजन ७२ टक्के. नमुन्यात ०.९३ आलं असतं तर आकसून ०.७७१ आणि वजन ७० टक्के. ०.९७ आलं असतं तर ०.७९९ आणि ७३ टक्के. जिथे वजन ११४ ते १८८ टक्क्यांत फिरत होतं, तिथे ते आता ७० ते ७३ मध्ये राहतं. शॉर्ट विक्री कुठलंही बंधन न घालता गेली.

पन्नास शेअरांच्या पातळीवरही हेच होतं आणि ते सिद्ध करणं सोपं आहे. सगळी कोरिलेशन ०.४० असलेल्या मॅट्रिक्सची सर्वांत छोटी आयगेनव्हॅल्यू १ − ०.४० = ०.६० असते. तिचा ३० टक्के हिस्सा मिसळला की मिश्रणाची कुठलीही आयगेनव्हॅल्यू ०.१८ च्या खाली जाऊच शकत नाही, मग S चा व्यस्त असो वा नसो. ०.००८ च्या जागी किमान ०.१८. भागाकाराची तळपट्टी वर आली.

δ मनाने ठरवायचा नाही. लेडवा-वुल्फ सूत्र तीन गोष्टी तोलतं: नमुन्यातले कोव्हेरियन्स किती डळमळीत आहेत, ती डळमळ लक्ष्यात किती उतरते आणि लक्ष्य वास्तवापासून किती दूर आहे. निरीक्षणं वाढली की δ आपोआप घटतो. पायपोर्टफोलिओऑप्ट या पायथन लायब्ररीत हे तयार मिळतं:

```python
from pypfopt.risk_models import CovarianceShrinkage

pw = pw.dropna()
cs = CovarianceShrinkage(pw, frequency=52)
Sig = cs.ledoit_wolf(shrinkage_target="constant_correlation")
print(cs.delta)
```

साप्ताहिक भाव दिले असतील तर `frequency=52` लिहायलाच हवं. तिथे मुळात दैनिक भावांसाठीचं २५२ असतं, आणि ते तसंच राहिलं तर सगळी जोखीम दुपटीहून जास्त दिसते.

सायकिट-लर्नमधलं `LedoitWolf` हे वेगळं आहे, आणि इथे बरेच जण गोंधळतात. त्याचं लक्ष्य सगळ्यांना सारखाच व्हेरियन्स आणि शून्य कोरिलेशन असं आहे. ते सर्वसाधारण वापरासाठी उत्तम आहे, पण समभागांत सरासरी कोरिलेशन स्पष्टपणे धन असतं आणि साबण-बिस्किटांच्या कंपनीची अस्थिरता धातू कंपनीच्या बरोबरीने नसते. त्या लक्ष्याकडे आकसलं की शांत शेअर उगाच जोखमीचे आणि जोखमीचे शेअर उगाच शांत दिसतात.

बरं झालं की नाही, हे कसं पाहायचं

दोन चाचण्या पुरतात. पहिलीत खिडकीतला कुठलाही एक महिना काढून किमान व्हेरियन्सची वजनं पुन्हा काढा आणि बदलांची निरपेक्ष बेरीज करा. S आणि आकसलेली मॅट्रिक्स, दोन्हींसाठी. फरक डोळ्यांना दिसेल एवढा असतो. दुसरीत मागच्या पाच वर्षांवरून पोर्टफोलिओ बांधा, पुढचा महिना धरून ठेवा, खिडकी सरकवा, आणि शेवटी प्रत्यक्षातली अस्थिरता भागिले अंदाजलेली अस्थिरता काढा. हे गुणोत्तर १ च्या जवळ आलं पाहिजे.

पहिल्या चाचणीतली बेरीज म्हणजे खर्चसुद्धा. डिलिव्हरी व्यवहारावर खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्के एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, लागतो. दर महिन्याला ६० टक्के विकून ६० टक्के घ्यावं लागलं तर वर्षाला जवळपास १.४४ टक्के फक्त एसटीटीत जातात. अल्पकालीन नफ्यावरचा कर त्यापुढे वेगळाच.

फक्त शॉर्ट बंदी घालून वजनं शांत झाली तर तेही आश्चर्य नाही. जगन्नाथन आणि मा यांनी २००३ मध्ये दाखवलं, की किमान व्हेरियन्सच्या प्रश्नात ऋण वजनांना बंदी घालणं हे कोव्हेरियन्स मॅट्रिक्स एका विशिष्ट पद्धतीने आकसण्यासारखंच आहे. तरी मी दोन्ही एकत्र वापरतो. फक्त बंधनावर अवलंबून राहिलं की पोर्टफोलिओ मोजक्या शेअरांत गोळा होतो आणि एखादा शेअर शून्यावरून सहा टक्क्यांवर का आला याचं कारण सांगता येत नाही.

आकसून जे सुटत नाही

पहिली गोष्ट, खरोखर सारख्या असलेल्या मालमत्ता. यादीत एकाच फंडाचे डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅन असतील, किंवा निफ्टी ५० चेच दोन ईटीएफ असतील, तर त्यांचं ०.९९९ हे कोरिलेशन नमुन्याचा खेळ नसून खरं आहे. ते आकसून ०.८२ केलं की मॅट्रिक्स तिथे नसलेलं विविधीकरण दाखवायला लागते. अशी जोडी आधीच काढून टाका.

दुसरी आणि मोठी गोष्ट अपेक्षित परताव्यांची. शेअरची अस्थिरता ३० टक्के असेल तर पाच वर्षांच्या सरासरी परताव्याची प्रमाण त्रुटी ३० ÷ √५, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त. पंचवीस वर्षांनंतरही ती ६ टक्के उरते. दैनिक डेटा घेऊन ती कमी होत नाही, कारण रॉबर्ट मर्टन यांनी १९८० मध्ये दाखवल्याप्रमाणे सरासरीची अचूकता काळाच्या लांबीवर अवलंबून असते, नोंदींच्या संख्येवर नाही. कोव्हेरियन्स मात्र दाट नोंदींनी सुधारतात. म्हणून मॅट्रिक्स आकसूनही फ्रंटियरचं उजवं, जास्त परताव्याचं टोक हलत राहिलं, तर पुन्हा मॅट्रिक्सच्या मागे लागू नका. चोप्रा आणि झिएम्बा यांनी १९९३ मध्ये मध्यम जोखीम घेणाऱ्या गुंतवणूकदारासाठी मोजलं तेव्हा सरासरीतली चूक व्हेरियन्समधल्या चुकीपेक्षा दहापटीहून महाग पडत होती.

तिथे मी ऐतिहासिक सरासरी इनपुट म्हणून देतच नाही. आकसलेल्या मॅट्रिक्सवरून किमान व्हेरियन्सचं टोक काढतो, आणि परताव्याबद्दल काही म्हणायचंच असेल तर सगळ्या शेअरांची सरासरी त्यांच्या सामाईक सरासरीकडे जोरात ओढून घेतो. फ्रंटियर त्यामुळे बुटका दिसतो, पण पुढच्या महिन्यातही तो साधारण तिथेच सापडतो.